प्रचरणाची ओळ

नागपूरच्या लकडगंजात लाकडाच्या टालींवरून चालत गेले, की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सागवानाचा तेलकट, किंचित कडवट गंध आणि आरा मशीनचा अखंड सूर यांच्यामधून एक प्रश्न सतत ऐकू येतो: माल वाळलेला आहे का? दार, चौकट, पलंग करणाऱ्या सुताराला या प्रश्नाचे उत्तर हवेच असते. ओले राहिलेले लाकूड नागपूरच्या मे महिन्यात आकसते, मग पल्ल्याला फट पडते, फळी पिळते, सांधा उघडतो. पूर्वी हे उत्तर फळीवर बोटाची टिचकी मारून, वजनाचा अंदाज घेऊन मिळत असे, आणि जाणत्या हातांना ते आजही मिळते. पण आता हाती दोन टोकदार सुयांचे मॉइश्चर मीटर आले आहे. सुया लाकडात रुतवल्या की त्यांच्यामधला विद्युत्-रोध मोजून ते ओलाव्याचा टक्का दाखवते. आकडा आला, की पाठोपाठ आकड्यांचा प्रश्नही येतो. उघड्या शेडमध्ये हवेवर वाळवलेल्या फळ्या आणि भट्टीत वाळवलेल्या फळ्या यांच्या ओलाव्यात जो फरक दिसतो, तो खरोखरचा आहे, की चार फळ्या इकडच्या आणि चार तिकडच्या उचलल्या म्हणून तसा भासतो?

या प्रश्नासाठी एक्सेलच्या अ‍ॅड-इनमध्ये टी-चाचणी आहे आणि तिचे उत्तर दहा ओळींत येते. बहुतेक जण त्या दहांपैकी एकच ओळ वाचतात, बाकीच्या नऊ सोडून देतात. आपण तसे करू नये. हा उतारा सावकाश, ओळीओळीने वाचण्याजोगा आहे, आणि माझ्या मते त्याचे मर्म शेवटच्या ओळींत नसून वरून दुसऱ्या ओळीत आहे.

आकडे मी उदाहरणासाठी बेतले आहेत, गणित हाताने पडताळता यावे इतके सुबक. शेडमधल्या थप्पीतून दहा फळ्या, भट्टीच्या थप्पीतून आठ. पत्रकाच्या A1 मध्ये ‘शेड’ आणि B1 मध्ये ‘भट्टी’ असे मथळे लिहू. शेडखाली १३.२, १५.१, ११.८, १४.६, १२.४, १६.०, १३.९, ११.०, १४.२, १२.८ आणि भट्टीखाली १२.२, ११.७, १२.६, १३.०, ११.८, १२.२, ११.४, १२.७. प्रत्येक आकडा वेगळ्या फळीचा असला पाहिजे, यावर पुढचे सारे उभे आहे. एकाच फळीत दहा ठिकाणी सुया टोचून दहा आकडे मिळवले, तर एक्सेल निमूटपणे त्यांना दहा साक्षीदार समजेल. साक्षीदार मात्र एकच असेल, दहा वेळा बोललेला. मीटरलाही सागवानाची खूण निवडून द्यावी लागते, कारण जातीप्रमाणे लाकडाचा रोध बदलतो. ती खूण चुकून सगळेच आकडे सारख्याच मापाने वर सरकले, तरी दोन सरासऱ्यांच्या वजाबाकीत ती चूक गळून पडते. पण भट्टीतून नुकत्याच काढलेल्या गरम फळीवर मीटर लावले, तर उष्णतेने रोध घटतो, आकडा फुगतो, आणि ही चूक एकाच बाजूला लागत असल्याने वजाबाकीतही तशीच उरते. म्हणून भट्टीची फळी आधी निवू द्यावी.

अ‍ॅड-इन एक्सेलसोबतच आलेले असते, फक्त जागे करावे लागते. File मधून Options, तिथून Add-ins, खाली Manage समोर Excel Add-ins ठेवून Go, आणि उघडलेल्या चौकटीत Analysis ToolPak समोर खूण. मग Data या पट्टीच्या उजव्या टोकाला Data Analysis उमटते. तिथल्या यादीत टी-चाचण्या तीन आहेत, आणि त्यांतून एक निवडणे हा आपला पहिला खरा निर्णय. Paired हे नाव त्या प्रसंगासाठी आहे, जिथे त्याच फळ्या वाळवण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा मोजल्या जातात. आपल्या थप्प्या वेगळ्या आहेत, त्यामुळे ती निवड इथे लागू नाही. उरलेल्या दोघींत भेद एवढाच, की एक दोन्ही गटांचे प्रचरण समान मानते आणि दुसरी मानत नाही. आपण दुसरी घेऊ: t-Test: Two-Sample Assuming Unequal Variances. Variable 1 Range मध्ये A1:A11, Variable 2 Range मध्ये B1:B9, मथळेही निवडले आहेत म्हणून Labels समोर खूण, Alpha ०.०५ तसाच. ती खूण राहून गेली, तर मथळ्यातली अक्षरे आकड्यांत आली म्हणून एक्सेल तक्रार करते आणि पुढे जात नाही. OK दाबले, की नव्या पानावर हे उमटते. स्तंभ अरुंद असल्याने ओळींची नावे अर्धी झाकलेली असतात, ते आधी रुंद करून घ्यावेत. दशांशस्थळे मी चारवर आणली आहेत.

```
t-Test: Two-Sample Assuming Unequal Variances

                               शेड      भट्टी
Mean                           13.5     12.2
Variance                       2.4      0.3
Observations                   10       8
Hypothesized Mean Difference   0
df                             12
t Stat                         2.4678
P(T<=t) one-tail               0.0148
t Critical one-tail            1.7823
P(T<=t) two-tail               0.0296
t Critical two-tail            2.1788
```

पहिली ओळ सरासरीची. शेडच्या फळ्यांत सरासरी साडेतेरा टक्के ओलावा, भट्टीच्या फळ्यांत १२.२. अंतर १.३ टक्क्यांचे. ही ओळ सर्वांना कळते, आणि म्हणूनच तिच्यावर फार वेळ न थांबता आपण डोळे एक पायरी खाली उतरवू.

दुसरी ओळ प्रचरणाची: २.४ आणि ०.३. हे कसे घडले ते एकदा हाताने पाहावे, म्हणजे आकडा कायमचा ओळखीचा होतो. शेडच्या प्रत्येक फळीचे साडेतेरापासूनचे अंतर घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा, दहाही वर्गांची बेरीज करायची. ती २१.६ येते, आणि तिला दहाने नव्हे, तर नवाने भागायचे. नवानेच, कारण सरासरी याच दहा आकड्यांतून काढली असल्याने नऊ अंतरे मोकळी असतात आणि दहावे त्यांच्यावरून आपोआप ठरते. भागाकार २.४. त्याचे वर्गमूळ घेतले, की आपण पुन्हा टक्क्यांच्या भाषेत येतो: शेडमधली फळी सरासरीपासून साधारण दीड टक्का इकडेतिकडे असते, भट्टीतली जेमतेम अर्धा टक्का. प्रचरण आठपट. आता वरचे आकडे पुन्हा वाचावेत. शेडमध्ये अकरा टक्क्यांची फळीही आहे आणि सोळाचीही. थप्पीच्या कडेची, वारा लागलेली फळी आणि पोटातली, दोन बाजूंनी दाबलेली फळी यांचा इतिहास वेगळा असतो, आणि तो इतिहास या एका आकड्यात साठला आहे. भट्टीत उष्णता, आर्द्रता आणि हवेचा प्रवाह हाती धरलेला असतो, म्हणून तिथल्या फळ्या एकमेकींना जवळजवळ सारख्या. सुताराच्या दृष्टीने पाहिले, तर सरासरीतल्या १.३ टक्क्यांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. कारण पल्ला सरासरी फळीचा होत नाही, हाती आलेल्या फळीचा होतो, आणि शेजारशेजारच्या दोन फळ्या वेगवेगळ्या मापाने आकसल्या, की जोड उघडतो. टी-चाचणी सरासरीविषयी बोलायला आली खरी, पण जाता जाता या ओळीत ती एक वेगळीच, अधिक उपयोगी बातमी देऊन जाते.

दोन गटांची प्रचरणे वेगळी असतील, तर त्यांच्या सरासऱ्यांची तुलना कशी करावी, हा प्रश्न विसाव्या शतकातल्या संख्याशास्त्रज्ञांना दीर्घकाळ छळत होता. डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने थोड्या नमुन्यांचे गणित मांडले, तेव्हा वेगळ्या प्रचरणांचा पेच सुटलेला नव्हता. पुढे बेरेन्स आणि फिशर यांनी त्याला एका वाटेने हात घातला. त्या वाटेवर लागणारे तक्ते १९३८ साली ‘सांख्य’ या नियतकालिकात सिद्ध करून देणारा माणूस आपला होता: साताऱ्याच्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जे पुढे पिकांच्या पाहण्यांसाठी आणि अन्न-पोषणाच्या आकडेवारीसाठी जगभर ओळखले गेले. एक्सेल त्या वाटेने जात नाही, ते बर्नार्ड वेल्च यांची वाट धरते. पण यादीत Unequal हा शब्द दिसला, की मला सुखात्म्यांचे ते तक्ते आठवल्यावाचून राहत नाहीत. जे आज एका खुणेने होते, त्यासाठी तेव्हा हाताने रकाने भरावे लागले होते.

Observations ची ओळ दहा आणि आठ एवढेच सांगते, पण ती पहारेकरी आहे. निवड एक ओळ आधीच थांबली असेल, तर ते इथेच उघडकीस येते. आपण मोजलेल्या फळ्यांशी ती जुळवावी आणि पुढे जावे.

Hypothesized Mean Difference समोर शून्य आहे. चौकटीत आपण ती जागा रिकामी ठेवली होती, रिकाम्याचा अर्थ एक्सेलने शून्य घेतला. म्हणजे ज्या कल्पनेला आपण आव्हान देत आहोत, ती अशी: दोन्ही थप्प्यांचा खरा सरासरी ओलावा एकच आहे. हे शून्य बदलता येते हे फार थोड्यांच्या ध्यानात असते, आणि व्यापाऱ्याच्या प्रश्नासाठी ते बदलणेच पुष्कळदा योग्य ठरते. भट्टीचा खर्च फरक एक टक्क्याहून अधिक असेल तरच परवडतो असे समजा. मग तिथे १ लिहावा. तेव्हा टीचे मूल्य २.४७ वरून थेट ०.५७ वर येते. तेच आकडे, तीच चाचणी, पण फरक आहे याचा पुरावा हाती असताना फरक एकाहून अधिक आहे याचा पुरावा हाती नाही. आपण कोणता प्रश्न विचारतो आहोत, हे या एका रकान्यात लिहिलेले असते.

आता df, म्हणजे मुक्ततेच्या मात्रा, बारा. ही ओळ मला फार आवडते. दोन्ही प्रचरणे समान मानली असती, तर इथे सरळ नऊ अधिक सात, म्हणजे सोळा आले असते. वेल्च यांची रीत आधी विचारते, की एकूण अनिश्चिततेत कोणाचा वाटा किती. शेडचा २.४ भागिले १०, म्हणजे ०.२४. भट्टीचा ०.३ भागिले ८, म्हणजे ०.०३७५. जवळजवळ सगळे ओझे शेडकडे आहे, आणि शेडपाशी मोकळी अंतरे नऊच. म्हणून उत्तर सोळावरून खाली, नवाच्या दिशेने झुकते आणि ११.६७ येते. टूलपॅक ते जवळच्या पूर्णांकात, बारात, बसवून टाकते. त्यातून एक छोटी विसंगती जन्मते. तीच चाचणी रकान्यात सूत्राने केली, तर:

```
=T.TEST(A2:A11,B2:B9,2,3)
```

सूत्र ११.६७ तसेच ठेवते, आणि उत्तर ०.०२९६ ऐवजी ०.०३०१ च्या आसपास येते. दोघेही खरे आहेत, फक्त एकाने पूर्णांक केला आहे. दोन जागी दोन आकडे पाहून कोणी गोंधळले, तर कारण या ओळीत शोधावे. दोहोंत आणखी एक भेद: शेडमधला एखादा आकडा दुरुस्त केला, तर सूत्र लगेच बदलते, टूलपॅकचा तक्ता मात्र जुन्याच आकड्यांवर थिजलेला राहतो. तो नव्याने चालवावा लागतो, आणि जुना तक्ता पुसला नाही, तर कोणता तक्ता कोणत्या आकड्यांचा हे ओळखण्याची सोय नसते.

t Stat २.४६७८. वरच्या सर्व ओळी या एका संख्येत येऊन मिळतात. ०.२४ आणि ०.०३७५ यांची बेरीज ०.२७७५, तिचे वर्गमूळ ०.५२६८. ही झाली अंतराची स्वतःची डळमळ. १.३ ला तिने भागले, की २.४६७८. म्हणजे दिसलेले अंतर आपल्या डळमळीच्या जवळजवळ अडीचपट आहे. समान प्रचरणाची चाचणी निवडली असती, तर भट्टीची शिस्त आणि शेडचे विस्कळीतपण एकाच भांड्यात ढवळले गेले असते आणि टी २.२५ वर आला असता. इथे तेवढाच तोटा झाला असता. पण विस्कळीत थप्पीतून कमी फळ्या आणि शिस्तीच्या थप्पीतून जास्त घेतल्या असत्या, तर तीच चूक उलट फिरून आपल्याला फाजील खात्री देऊन गेली असती.

मग P(T<=t) one-tail, ०.०१४८. या ओळीचे नाव फसवे आहे. अक्षरशः वाचले, तर टीहून लहान असण्याची संभाव्यता असे वाटेल, आणि ती तर ०.९८ च्या वर असायला हवी. प्रत्यक्षात हे वक्राच्या टोकापलीकडचे क्षेत्र आहे. शिवाय एक्सेल दिशा पाहतच नाही. भट्टी पहिल्या जागी आणि शेड दुसऱ्या जागी दिली, तर टीला उणे चिन्ह लागते, पण ही ०.०१४८ तशीच राहते. म्हणजे ‘शेड अधिक ओले’ असे आधी म्हटले होते की ‘भट्टी अधिक ओली’, हे या आकड्याला ठाऊक नाही. एका बाजूची चाचणी करायची, तर दिशा मोजणीपूर्वी ठरवून लिहून ठेवावी, आणि सरासऱ्यांचा कल त्याच दिशेला आहे ना, हे पहिल्या ओळीवरून स्वतः पाहावे. कल उलटा असेल, तर खरी संभाव्यता एकातून हा आकडा वजा करून मिळते. खालचा १.७८२३ हा एका बाजूचा उंबरठा. त्याच्यापाशी इतकेच थांबू.

ज्या ओळीकडे सगळे धावतात, ती आता आली: P(T<=t) two-tail, ०.०२९६. दोन्ही थप्प्यांचा खरा सरासरी ओलावा एकच असता, तर केवळ फळ्यांच्या निवडीमुळे एवढे किंवा याहून मोठे अंतर, कोणत्याही बाजूला, शंभरात सुमारे तीनदा दिसले असते. एवढेच हा आकडा म्हणतो. ‘थप्प्या सारख्या असण्याची शक्यता तीन टक्के’ असे तो म्हणत नाही, आणि फरक मोठा आहे की लहान याविषयी तर त्याच्या तोंडून अवाक्षर निघत नाही. अंतर साडेबारा शतांश असते आणि फळ्या हजारो असत्या, तरी हाच आकडा येऊ शकला असता. ०.०५ पेक्षा तो लहान आहे, म्हणून फरक नाही ही कल्पना आपण सोडून देतो. तेही या दोन थप्प्यांपुरते. साऱ्या भट्ट्यांविषयी बोलायचे, तर थप्प्या अनेक हव्यात.

शेवटची ओळ t Critical two-tail, २.१७८८. प्रथमदर्शनी ती वरच्या ओळीची पुनरुक्ती वाटते: २.४६७८ या उंबरठ्यापलीकडे आहे, निकाल तोच. पण टूलपॅक जे छापत नाही, ते करण्याची किल्ली इथेच ठेवलेली आहे. २.१७८८ ला आपल्या ०.५२६८ ने गुणले, की १.१५ येतात. १.३ मधून ते वजा करावेत, १.३ मध्ये मिळवावेत: खरा फरक ०.१५ आणि २.४५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी. ०.०२९६ वाचून जो निकाल ठाम वाटला होता, तो आता किती पसरट आहे ते दिसते. फरक आहे, पण तो नगण्यही असू शकतो आणि सुताराला जाणवेल इतका मोठाही.

हा पसारा कमी कसा करावा? आणखी फळ्या मोजून, पण कोणत्या थप्पीतल्या? इथे दुसरी ओळ पुन्हा बोलते. आणखी दहा फळ्या मोजण्याइतका वेळ आहे असे धरू आणि प्रचरणे आहेत तशीच राहतील असेही. त्या दहाही भट्टीतून घेतल्या, तर दोन्हीकडची १.१५ ची झूल १.१३ वर येते, म्हणजे मेहनत जवळजवळ वाया. त्याच दहा शेडमधून घेतल्या, तर ती ०.८२ वर येते. तेव्हा मीटर घेऊन जायचे ते शेडकडे, थप्पीच्या कडेपासून पोटापर्यंत.